बस्त्याला या, जेवून जा

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय एका शब्दात सांगितला. पाटी. "शाळेतली पाटी, दुकानाची पाटी, कोरी पाटी, जी सुचेल ती. पण जाऊन, बघून लिहा." जाऊन बघण्यासारखी पाटी मला कराडात सापडली, आणि ती सापडली ती मुळात उतरवली गेली म्हणून.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला झाला. १५ तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आचारसंहितेत सरकारी इमारतींवरचे राजकीय फलक चोवीस तासांत, सार्वजनिक जागांवरचे अठ्ठेचाळीस तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे बहात्तर तासांत उतरवायचे असतात. कराडातल्या पेठेतल्या एका कापड दुकानावर बारा बाय आठचा फ्लेक्स होता, दसरा-दिवाळीच्या शुभेच्छांचा. तो राजकीय नव्हता, पण वरच्या उजव्या कोपऱ्यात एका नेत्याचा हात जोडलेला फोटो होता. कशाला, असं विचारलं तर मालक म्हणाले, "कशाला म्हणजे? सगळेच टाकतात." नगरपालिकेची माणसं सांगून गेली, १६ तारखेला फ्लेक्स खाली आला आणि दिवाळी बारा दिवसांवर असताना दुकानाच्या कपाळावर नुसती रिकामी लाकडी चौकट उरली.

त्याच आठवड्यात मालकांचा थोरला मुलगा पुण्याहून परत आला. तो तिथे एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा. नोकरी सोडून आला की सुट्टी काढून, हे घरात कुणी नीट विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. घरात त्याला 'थोरला'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. दुकानाची नवी पाटी लिहायचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं.

पन्नास शब्दांचा फ्लेक्स

मी गेलो तेव्हा जुना फ्लेक्स गल्ल्यामागे गुंडाळून ठेवला होता. थोरल्यानं तो दुकानाच्या गादीवर पसरला. दुकानात अजून गादी आहे, पांढऱ्या खोळीची. गिऱ्हाईक चपला काढून वर येतं आणि मांडी घालून बसतं.

मजकूर असा होता. वर श्रीगणेशाला नमन. मग 'दसरा व दिपावली निमित्त आमच्या सर्व ग्राहकांना, हितचिंतकांना व मित्र परिवारास हार्दीक शुभेच्छा'. मग 'भव्य दिव्य सेल! सेल! सेल!' आणि '५०% पर्यंत सुट', त्यातलं 'पर्यंत' मुंगीएवढं. खाली साड्या, पैठणी, शालू, ड्रेस मटेरियल, शर्टिंग, सूटिंग, लहान मुलांचे कपडे, लग्नाचा बस्ता. 'एक वेळ अवश्य भेट द्या.' आणि सगळ्यात शेवटी, लाल पट्टीत, 'आमची कोठेही शाखा नाही'. दुकानाचं नाव, प्रो. प्रा. आणि दोन मोबाइल नंबर धरून पन्नासाच्या आसपास शब्द.

थोरल्यानं आधी शुद्धलेखन काढलं. दिवाळीतला 'दि' ऱ्हस्व, पण दीपावलीतला 'दी' दीर्घ, कारण तो तत्सम शब्द. हार्दिकमधला 'दि' ऱ्हस्व. सूट दीर्घ. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं चुकीचं लिहितोय आणि चाळीस वर्षं लोक येतायत. तुझी वेलांटी बघून चार लोक जास्त येणार असतील तर बदल."

हे उत्तर वाटतं तितकं उद्धट नाही. या मजकुराचा कुठलाच शब्द कुणी वाचत नव्हतं, त्यामुळे तो चूक की बरोबर हा प्रश्नच उठत नव्हता. थोरल्यानं मला समोरच्या कोपऱ्यावर नेलं. एसटी स्टँडकडून येणारा माणूस जिथून दुकान पहिल्यांदा बघतो तो हा कोपरा, दुकानापासून साधारण एकशेवीस फुटांवर. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब असा, की दहा फुटांवरून सुखानं वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. म्हणजे इथून वाचायचं तर बारा इंच. जुन्या फ्लेक्सवरचं साड्या-शालूंचं अक्षर दोन इंचांचं होतं. मोटरसायकलवाला ताशी तीस किलोमीटरनं आला तरी सेकंदाला सत्तावीसेक फूट कापतो, म्हणजे चार-पाच सेकंदांत तो पाटीखालून निघून जातो. तेवढ्यात त्यानं हितचिंतक आणि मित्रपरिवार कधी वाचावा?

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. रेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. मधलं अंग बारा इंच ठेवायचं तर वरखालची जागा धरून एका ओळीला वीस-बावीस इंच लागतात. आठ फूट उंचीच्या फ्लेक्सवर तशा चारच ओळी मावतात, आणि त्यातली एक दुकानाच्या नावाची. थोरल्याकडे उरल्या तीन.

निवड तुमची

पहिला मजकूर त्यानं पुण्याच्या सवयीनं लिहिला. 'सण तुमचा. निवड तुमची.' कागदावर तो देखणा दिसत होता. त्यानं तो जेवताना वाचून दाखवला.

आई म्हणाली, "कसली निवड? तांदळाची?"

अण्णा म्हणाले, "बाळा, गावात निवडणूक लागलीय. उद्या पालिकेवाला विचारायला येईल, कुठल्या पक्षाची निवड म्हणून. आत्ताच एक उतरवलाय."

सगळे हसले, थोरलाही हसला. पण रात्री दुकानाच्या पायरीवर बसून तो मला म्हणाला की त्याला लागलं होतं ते विनोदामुळे नाही. 'निवड तुमची' हे वाक्य मराठीत कुणी कुणाला म्हणत नाही, हे त्याच्या आईला एका क्षणात कळलं आणि त्याला सहा वर्षांत कळलं नव्हतं. तसल्या वाक्यांचे त्यानं पैसे घेतले होते. मी त्याला दुजोरा दिला नाही, पण खोडूनही काढलं नाही. शहरातल्या निम्म्या मराठी जाहिराती दुसऱ्या भाषेत सुचलेल्या असतात आणि वाचताना ते लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेगळा रस्ता धरला. गादीवर बसून तो दिवसभर गिऱ्हाइकांचं बोलणं वहीत टिपत राहिला. "पोरांचं दाखवा." "पाडव्याला नेसायला काहीतरी." "नऊवारीत सुती आहे का?" आणि संध्याकाळी मसूरकडून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "बस्त्याचं कधी बघायचं? तुळशीच्या लग्नानंतर आलो तर चालंल?"

बस्ता

थोरल्यानं पहिल्या कात्रीतच 'बस्ता' उडवला होता. त्याला तो आजोबांच्या काळातला शब्द वाटला होता. अण्णांनी त्याला गल्ल्याशेजारी बसवून जुन्या वह्या उघडल्या.

दिवाळीच्या कपड्यांत गर्दी असते, पण एक घर दोन-तीन हजारांची खरेदी करून जातं. बस्त्याचं तसं नाही. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि दोन्हीकडची माणसं टेम्पो करून एकत्र येतात. वीस-पंचवीस जण. नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, मग मानपानाची यादी: आत्या, मावश्या, करवल्या, मामा, भटजी. प्रत्येकाच्या नावासमोर साडी किंवा शर्टपीस. सकाळी दहाला बसलेला बस्ता संध्याकाळी पाचला उठतो. एक बस्ता मिळाला की दिवाळीच्या दोन दिवसांचा गल्ला त्यात येतो. बस्त्याला कुठल्या दुकानात जायचं हे मात्र दिवाळीतच ठरतं, कारण तेव्हा घरातल्या बाया येऊन माल आणि माणसं बघून जातात. सणाची पाटी खरी त्यांच्यासाठी असते.

"मग मालाची यादी कशाला लिहिता?" थोरल्यानं विचारलं. "कापडाच्या दुकानात कापड मिळतं हे लोकांना माहीत आहे." अण्णांकडे उत्तर नव्हतं. यादी गेली.

थोरल्यानं त्या ठिकाणी 'भाव एकच' लिहिलं. त्यावर अण्णा पहिल्यांदा चिडले. बस्त्यात घासाघीस ठरलेलीच असते. यादीतल्या शेवटच्या पाच साड्यांवर मुलाकडचा एखादा मामा अडून बसतो, दुकानदार कळवळतो, शेवटी दोनशे रुपये सुटतात आणि मामाची मान ताठ होते. "भाव एकच लिहिलं तर त्या मामानं काय करायचं?"

सेलचं कोडं त्यानंतर सुटलं. थोरल्यानं विचारलं, पन्नास टक्के नेमके कशावर? अण्णांनी माळ्यावर बोट दाखवलं. गेल्या वर्षीचे लहान मुलांचे कपडे, दोन गठ्ठे. बाकी कशावरच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांत असल्या गळाच्या जाहिराती येतात, आणि बारीक अक्षरातल्या खुलाशानं मूळ दावा फिरवता येत नाही. थोरल्याला हे नोकरीमुळे माहीत होतं. अण्णांना कायद्याचं फार वाटलं नाही. पण "सूट म्हणून येणारी बाई शालूचा भाव ऐकून परत जाते, तेव्हा तिला काय वाटतं?" या प्रश्नावर ते गप्प झाले. दोन्ही गठ्ठे माळ्यावरून खाली आले, दारात खाट टाकली, आणि पुठ्ठ्यावर हातानं लिहिलं: 'पोरांचे मागच्या वर्षीचे कपडे. निम्म्या भावात.' खाट धनत्रयोदशीच्या आतच रिकामी झाली. फ्लेक्सवरचं सेल तीन वेळा लिहिलेलं होतं, ते तिन्ही वेळा गेलं.

राहिली बस्त्याची ओळ. ती थोरल्याच्या आजीमुळे सापडली. आजी आता नाहीत. त्या होत्या तोवर बस्त्याला आलेल्या माणसांना दुकानामागच्या घरात पिठलं-भाकरी वाढायच्या. आता खानावळीतून डबे येतात, पण उपाशी कुणी जात नाही. हे अण्णांनी सहज सांगितलं, पाटीसाठी नव्हे. थोरल्यानं वही काढली आणि लिहिलं, 'बस्त्याला या, जेवून जा.' आईनं दोनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली.

शाखा

शेवटच्या लाल पट्टीला थोरल्यानं आधीच काट मारली होती. 'आमची कोठेही शाखा नाही' हे महाराष्ट्रातल्या दुकानांवरचं बहुधा सगळ्यात लाडकं वाक्य. मिठाईवाले, चहावाले, सोनार, सगळे लिहितात. शाखा नसल्याचा असा अभिमान इतर कुणी मिरवत असेल असं वाटत नाही. मी हे गमतीनं म्हणालो, तर अण्णा हसले नाहीत. त्यांनी हनुवटीनं समोर खूण केली.

समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून, त्याच आडनावाचं कापड दुकान आहे. ते काकांचं. वाटणी झाली तेव्हा थोरला शाळेत होता. त्या दुकानाच्या पाटीवरही, खाली उजवीकडे, तेच चार शब्द आहेत. दोघा भावांच्या पाट्या एकमेकांकडे तोंड करून तेच सांगत उभ्या आहेत.

मूळ ओळ आजोबांची. तेव्हा ती भावाविरुद्ध नव्हती. बाहेरचा कुणी फिरता विक्रेता त्यांच्या दुकानाचं नाव सांगून खेडोपाडी हलका माल खपवत होता, म्हणून त्यांनी ती पत्र्याच्या पाटीवर लिहून घेतली. वाटणीनंतर दोघांनीही ती उचलली. थोरल्याचं म्हणणं पडलं की आपण काढून टाकू. अण्णा म्हणाले, "आधी त्याच्या पाटीवरनं जाऊ दे." आई आत निघून गेली. भाऊबीज दोन आठवड्यांवर होती आणि आत्याबाई दोन्ही घरी ओवाळायला येतात.

ओळ राहिली. थोरल्यानं फक्त लाल पट्टी काढून ती साध्या काळ्यात, इतर ओळींच्या निम्म्या उंचीनं घेतली. कोपऱ्यावरून ती वाचता येत नाही. काकांच्या दारातून येते.

दविाळी

मजकूर ठरला: दिवाळीचे कपडे आलेत. बस्त्याला या, जेवून जा. आमची कोठेही शाखा नाही. अकरा शब्द. थोरल्यानं तो व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लेक्सवाल्याकडे पाठवला आणि अर्ध्या तासानं तिकडून चित्र आलं. त्यात पहिला शब्द होता 'दविाळीचे'. आणि 'बस्त्याला'चे तुकडे होऊन 'बस् त् याला' झालं होतं.

आम्ही फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेलो. ऑपरेटर विशीतला, हुशार, आणि हा आरोप रोज ऐकणारा. कारण साधं आहे. फोनवर आपण युनिकोडमध्ये लिहितो. त्यात 'दि' लिहिताना आधी 'द' साठवला जातो, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन काढणं आणि 'स', 'त', 'य' जोडून 'स्त्य' करणं हे काम ते अक्षर दाखवणाऱ्या प्रणालीचं. फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असते आणि तिला हे येत नाही. ती साठवलेल्या क्रमानंच चिन्हं मांडते, म्हणून वेलांटी पुढच्या 'व'ला जाऊन चिकटते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटतात. ऑपरेटर म्हणून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये सगळा मजकूर पुन्हा स्वतः टाइप करतो. 'दिपावली' आणि 'हार्दीक' बहुतेक तिथे जन्मतात. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, ऑपरेटर कानानं लिहितो, आणि एकदा तयार झालेली फाइल दरवर्षी नुसतं साल बदलून छापली जाते.

"चाळीस फुटांवरनं हलन्त कुणाला दिसतो?" ऑपरेटर म्हणाला. त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच ते वाईट होतं. पायाची ती बारीक रेघ दिसेनाशी झाली की 'बस् त् याला' लांबून 'बसतयाला' वाचलं जातं.

थोरल्यानं घरी जाऊन नव्या प्रणालीत मजकूर बसवला. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेला, फुकट मिळणारा 'मुक्त' फॉन्ट त्यानं घेतला, कारण त्याच्या जोडाक्षरांत पोटातली जागा मोकळी आहे. मग अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षराचं चित्र करून, फाइल दिली. याला फ्लेक्सवाले 'कर्व्ह करणं' म्हणतात. एकदा कर्व्ह केलं की कुठलंही यंत्र ते मोडू शकत नाही, पण चूक राहिली असेल तर दुरुस्तही करता येत नाही. म्हणून आधी आईनं, मग शाळकरी बहिणीनं, मग मी वाचलं.

पत्र्यावरचं नाव

दुकानाचं नाव मात्र कुठल्याच फॉन्टमध्ये बसेना. प्रत्येक वेळी अण्णा म्हणत, "हे आपलं नाही." शेवटी माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पाटी उतरवली. ती रंगवणारे पेंटर जवळच राहतात, सत्तरीच्या पुढचे. त्यांना बोलावलं.

त्यांनी पाटीवरून हात फिरवला आणि चहा येईपर्यंत सगळी कृती सांगून टाकली. पत्र्याला आधी प्रायमर, मग पिवळ्या एनॅमलचे दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण. मग दोऱ्याला खडू चोळून दोन माणसांनी तो ताणून धरायचा आणि टिचकी मारायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. "अक्षर खालनं उभं करायचं नाही, वरनं टांगायचं," पेंटरकाका म्हणाले. नावातला शेवटचा काना त्यांनी मुद्दाम तिरका खाली ओढला होता, कारण पत्र्याच्या त्या कोपऱ्यात गंजाचं भोक होतं आणि ते झाकायचं होतं. अण्णांना ज्याच्यामुळे नाव 'आपलं' वाटत होतं ते हेच शेपूट.

मराठी नाटकांची आणि वर्तमानपत्रांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडगे यांची अक्षरं आठवा. नाव वाचायच्या आधी त्याचा आकार ओळखू येतो. पेंटरकाकांनी पत्र्यावर तेच केलं, निम्मं गरजेपोटी. थोरल्यानं पाटीचा समोरून फोटो काढला, त्यावरून अक्षरं गिरवून घेतली आणि शेपटासकट नाव फ्लेक्सवर बसवलं.

बारा बाय आठ म्हणजे शहाण्णव चौरस फूट. पंधरा रुपये दरानं एक हजार चारशे चाळीस रुपये झाले. पेंटरकाकांनी तेवढ्या मापाच्या हातरंगी कापडाला दोन दिवस आणि दुप्पट पैसे सांगितले, तेही "आता हात थरथरतो" म्हणत. थोरल्याच्या मनात कापड होतं, पण दिवस नव्हते. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी. जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, पण नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, त्यामुळे तो सुटतो. रंग निवडताना ऑपरेटरनं एक कामाची गोष्ट सांगितली. उन्हात आधी लाल आणि पिवळा उडतो, मागे निळसर रंग उरतो. फ्लेक्स जुना झाल्याची खूण तीच, नेत्याचा चेहरा निळा पडतो. म्हणून मजकूर काळा घेतला.

चढवताना दर दोन फुटांवर रिंग मारून सुतळीनं चौकटीला बांधलं आणि मध्ये वारा जायला तीन अर्धचंद्र कापले. घाटकोपरला मे महिन्यात होर्डिंग पडून सतरा माणसं गेली होती. ते एकशेवीस फूट उंच होतं, हे आठ फूट, तुलना नाही. तरी अण्णांनी जुनी चौकट हलवून बघितली आणि दोन रिपा बदलून घेतल्या.

२८ तारखेला, वसुबारसेच्या दिवशी, पाटी वर गेली. समोरून काका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ती पूर्ण वाचली, ओठ हलताना दिसत होते. मग आत गेले.

छप्पर

मी नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा गेलो. बस्ते सुरू झाले होते. गादीवर अठरा माणसं, मागे खानावळीचे डबे. आदल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, हे अण्णांनी सांगितलं नाही. व्यापारी माणूस ते सांगत नाही. थोरला शालूची घडी मोडून दाखवत होता. पुण्याचा विषय मी काढला नाही.

जुना फ्लेक्स कुठे गेला, तेवढं विचारलं. ऊसतोडीच्या एका मुकादमानं नेला होता. कराडच्या आसपास फडांच्या कडेला मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या, आणि संध्याकाळी थोरल्यानं गाडीवरून मला तिकडे नेलं. बांबूच्या कमानींवर फ्लेक्स ताणले होते, पांढरी पाठ बाहेर, छपाई आत. आमचा कुठला हे बाहेरून कळेना. एका कोपीत सात-आठ वर्षांची मुलगी उताणी पडून छपराकडे बघत होती, आई बाहेर चूल पेटवत होती. मुलगी बोट रोखून एकेक अक्षर लावत होती. सेल तिनं तीनदा वाचलं. नेत्याच्या फोटोपाशी ती थांबली नाही. मग लाल पट्टीवर आली आणि जोरात म्हणाली, "आ-म-ची... को-ठे-ही..."

"शाखा," थोरला बाहेरून म्हणाला.

ती दचकून उठून बसली, आम्हाला बघितलं, आणि पुढचा शब्द तिचा तिनं वाचला.